घोटा जुळला, मग दुखतंय काय?

*"दीड वर्षापूर्वी जिना उतरताना उजवा पाय मुरगळला. बाहेरच्या बाजूचं लिगामेंट अर्धवट फाटलं होतं. सहा आठवडे पट्टा, नंतर फिजिओथेरपी, सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. आता एमआरआयमध्ये लिगामेंट जुळलेलं दिसतं. पण दुखणं गेलं नाही, उलट घोट्यापासून नडगीच्या मध्यापर्यंत चढलंय. मोजा घालताना, रात्री पांघरूण लागलं तरी कळ येते. बरं वाटेल त्या दिवशी चाळीस मिनिटं चालते आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढते. झोप तुकड्यातुकड्यांत. दुखण्याच्या गोळ्यांनी फरक नाही. हाडांचे डॉक्टर म्हणतात, पायात काही नाही. घरचे म्हणतात, तुझ्या डोक्यातलं आहे. खरंच तसं आहे का? आणि एमआरआय पुन्हा करावा का?"*
— एक वाचक, वय ३९

तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं बहुधा बरोबर आहे, घरच्यांचं मात्र चूक. पायात बिघाड सापडत नाही म्हणजे बिघाड मनातच असणार, असं लोक सहज धरून चालतात. पण पाय आणि मन यांच्या मधे मज्जारज्जू आहे, त्याच्या वर मेंदूचं खोड आहे, आणि तुमच्या पत्रात जे लिहिलंय त्याचा माग मला तिथे लागतो.

पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे मोजा. दुखणं किती जोराचं आहे यापेक्षा ते कशाने सुरू होतं याला मी जास्त किंमत देतो. मोज्याचा कपडा त्वचेवरून सरकतो तेव्हा जाड, वेगवान चेतातंतू जागे होतात. त्यांचं काम स्पर्श कळवणं. इजा कळवणारे तंतू वेगळे, बारीक आणि संथ असतात, आणि मोज्यासारख्या हलक्या गोष्टीने ते सहसा जागेच होत नाहीत. शिवाय नडगीच्या मध्यावरची त्वचा तर कधी दुखावलीच नव्हती. म्हणजे न दुखावलेल्या जागेवरून, दुखणं कळवण्याचं ज्यांचं काम नाही अशा तंतूंमधून निरोप निघतोय, आणि तुम्हाला मात्र कळ जाणवते आहे. त्या निरोपाचा अर्थ वाटेत कुठेतरी बदलतोय. या बदलाला सेंट्रल सेन्सिटायझेशन म्हणतात.

हा तर्क नुसता कागदावरचा नाही. मिरचीतल्या झोंबणाऱ्या द्रव्याचं, कॅप्सेसिनचं, सूक्ष्म इंजेक्शन निरोगी माणसाच्या हाताच्या त्वचेत देऊन तो पुन्हा पुन्हा तपासला गेला आहे. इंजेक्शन दिल्याबरोबर प्रचंड आग होते आणि काही मिनिटांत ओसरते. पण टोचलेल्या बिंदूच्या कितीतरी बाहेरपर्यंत त्वचा हळवी होऊन बसते. तिथे कापसाचा बोळा फिरवला तरी दुखतं, आणि हे तास-दोन तास टिकतं. आता हीच गोष्ट आधी त्या भागाची नस बधिर करून केली, म्हणजे इंजेक्शनची आग वर पोहोचूच दिली नाही, तर भूल उतरल्यावर आजूबाजूची त्वचा हळवी झालेली आढळत नाही. द्रव्य तेच, त्वचा तीच, फक्त मज्जारज्जूला वार्ता मिळाली नाही. म्हणजे तो हळवेपणा त्वचेत तयार होत नव्हता, वर तयार होत होता.

स्वीडनमधल्या टोरेब्योर्क आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली याच्याही पुढे जाऊन पाहिलं. त्यांनी त्वचेला वगळलं. अतिशय बारीक सुई थेट नसेत घालून स्पर्शाच्या तंतूंना विजेचा हलका झटका दिला. कॅप्सेसिनच्या आधी त्या माणसाला नुसता स्पर्श जाणवला. कॅप्सेसिननंतर त्याच ठिकाणी, तेवढ्याच झटक्याने, दुखलं. नसेतून तोच निरोप गेला होता आणि वर तो वेगळा वाचला गेला.

वर नेमकं काय होतं? पायाकडून येणारे तंतू मज्जारज्जूच्या मागच्या भागातल्या पेशींशी जोडलेले असतात. या पेशींवर एनएमडीए नावाचे रिसेप्टर असतात, आणि एरवी त्यांच्या तोंडाशी मॅग्नेशियम बुचासारखं बसलेलं असतं. अधूनमधून येणाऱ्या साध्या निरोपांनी ते हलत नाही. मात्र इजेनंतर निरोपांचा मारा सुरू झाला की पेशीतला विद्युतभार बदलतो, बूच सुटतं आणि कॅल्शियम आत शिरतं. मग त्या पेशीच्या पृष्ठभागावर जास्त रिसेप्टर येतात, आहेत ते जास्त सहज उघडतात, आणि पेशी थोडक्या कारणाने पेटायला लागते. याच पेशींपर्यंत स्पर्शाच्या तंतूंचे आणि शेजारच्या त्वचेचेही धागे आधीपासून पोहोचलेले असतात. एरवी ते इतके दुबळे असतात की त्यांचा आवाज ऐकूच येत नाही. पेशी हळवी झाली की तेही ऐकू येऊ लागतात. मोजा का दुखतो आणि दुखणं नडगीवर का चढलं, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर इथेच आहे. काही पसरत गेलेलं नाही. जे धागे पूर्वी गप्प होते ते आता बोलताहेत.

घरच्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हा शोध क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ साली लंडनमध्ये लावला, तो उंदरांवरच्या प्रयोगातून. पायाला भाजल्यावर पाय मागे घेण्याची त्यांची प्रतिक्षिप्त क्रिया वाढली, आणि नंतर भाजलेली जागा बधिर केली तरी ती वाढलेलीच राहिली. त्या उंदरांच्या मेंदूचा वरचा, विचार-भावनांशी संबंधित भाग आधीच वेगळा केलेला होता. चिंता करायला, कल्पना करायला, लक्ष वेधून घ्यायला त्यांच्यापाशी काहीच शिल्लक नव्हतं. हळवेपणा तरीही आला.

आता इथे कुणी चतुर वाचक विचारील की मिरचीचा परिणाम काही तासांत जातो, मग यांचा दीड वर्ष का? प्रश्न रास्त आहे. याचं एकच एक उत्तर कुणापाशी नाही, पण काही कड्या नक्की माहीत आहेत. मेंदूच्या खोडातून मज्जारज्जूकडे उतरणारे तंतू असतात. ते खालून येणाऱ्या निरोपांना आवर घालतात, आणि परिस्थिती पाहून उलट ढीलही देतात. हा आवर कमी पडला की पेशी शांत व्हायला वेळ लागतो. आवर कमी पडण्याचं सगळ्यात ओळखीचं कारण म्हणजे तुटक झोप. निरोगी स्त्रियांना काही रात्री ठरावीक वेळाने उठवत ठेवलं, तेव्हा त्यांची वेदना दाबण्याची क्षमता घटली. विशेष म्हणजे तेवढेच तास पण उशिरा झोपून सलग झोप घेणाऱ्यांमध्ये तशी घट दिसली नाही. तुमच्या पत्रातलं 'तुकड्यातुकड्यांत' म्हणूनच मला खटकलं. दुसरी कडी तुमच्या चालण्यात आहे. चाळीस मिनिटं चालून घोट्यातून निरोपांचा मारा करायचा आणि मग दोन दिवस पाय जागचा हलवायचा नाही, याने हळव्या पेशींना आठवड्यातून दोनदा नवं कारण मिळतं आणि मधल्या काळात स्नायू ढिले पडतात. भीतीचाही वाटा असतो, ते मी नाकारत नाही. पण भीती वेदना वाढवते आणि भीतीमुळेच वेदना झाली, ही दोन विधानं एक नव्हेत.

एक मर्यादा सांगितली पाहिजे. जिवंत माणसाच्या मज्जारज्जूतल्या पेशीत सुई घालून मोजता येत नाही. रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही. तुमच्या बाबतीत मी जे म्हणतोय ते लक्षणांवरून केलेलं अनुमान आहे, आणि हल्ली हे अनुमान फार स्वस्त झालंय. कारण सापडलं नाही की लावा हे नाव, असंही चालतं. म्हणून आधी दोन-तीन गोष्टी कुणीतरी हाताने तपासून वगळायला हव्यात. घोटा मुरगळताना पायाच्या वरच्या बाजूने जाणारी नस ताणली जाऊ शकते. तसं असेल तर दुखणं त्या नसेच्या पट्ट्यातच राहतं, तिथे बधिरपणा किंवा मुंग्या असतात, आणि ठरावीक ठिकाणी बोटाने टकटक केली की करंट गेल्यासारखं होतं. दुसरं, घोट्याच्या सांध्यातल्या हाडावरच्या कूर्चेला इजा किंवा बाजूच्या स्नायुबंधाची चीर. यात दुखणं खोल, एका जागी आणि भार दिल्यावर येतं, मोज्याने नाही. तिसरं म्हणजे कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम. दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहा. उजव्याचा रंग वेगळा, स्पर्शाला जास्त गरम किंवा गार, सूज, घाम कमी-जास्त, नखांची किंवा केसांची वाढ बदललेली, असं काही असेल तर हे नाव डॉक्टरांपुढे स्वतःहून घ्या. त्यातही मज्जारज्जूचा हळवेपणा असतो, पण उपचाराची घाई जास्त असते.

याखेरीज घरी एक नकाशा काढून पाहा. प्रयोगशाळेत हीच पद्धत वापरतात. कापसाची बारीक वात करा. नडगीच्या वरच्या भागात, जिथे स्पर्श अगदी नेहमीसारखा लागतो तिथून सुरू करून वात सरळ रेषेत घोट्याकडे आणा. स्पर्श जिथे नकोसा होतो तिथे पेनने टिंब द्या. मग पुढून, मागून, तळव्याकडून, अशा सहा-आठ दिशांनी हेच करा आणि टिंबं जोडून फोटो काढा. डाव्या पायावरही एकदा करा, म्हणजे नेहमीचा स्पर्श कसा लागतो ते ताजं राहील. दर तीन आठवड्यांनी, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी, पुन्हा. दुखणं दहापैकी किती, या आकड्यापेक्षा मला या रेषेवर जास्त भरवसा आहे. आकडा मूडबरोबर हलतो. रेषाही रोज थोडी हलते, पण महिन्याभराचा कल दाखवते. डॉक्टरांना दाखवायलाही ती बरी पडते. 'पायात काही नाही' म्हणणाऱ्याला निदान त्या रेषेकडे बघावं तरी लागतं.

आता चालण्याचं. तीन दिवस, घड्याळ लावून, दुखणं नेहमीच्या पातळीवरून वर चढायला लागेपर्यंत चाला. असह्य होईपर्यंत नाही, चढायला लागेपर्यंत. समजा आकडे चौदा, नऊ आणि तेरा मिनिटं असे आले. सरासरी बारा. त्याचे ऐंशी टक्के म्हणजे साधारण साडेनऊ. सुरुवात नऊ मिनिटांनी करा, दिवसातून दोनदा. दर आठवड्याला एक मिनिट वाढवा. वीस मिनिटांवर पोहोचायला अकरा आठवडे लागतील. तुम्हाला हे हास्यास्पद वाटेल, चाळीस मिनिटं चालणारी बाई नऊ मिनिटांवर! पण अवघड काम वाईट दिवशी चालण्याचं नाहीच. चांगल्या दिवशी नवव्या मिनिटाला थांबणं जास्त जड जातं, आणि बहुतेक जण तिथेच फसतात. बरं वाटलं म्हणून पंचवीस मिनिटं गेलात की जुनं चक्र सुरू झालंच म्हणून समजा. वेळ घड्याळाने ठरवायची, दुखण्याला विचारून नाही. हळव्या झालेल्या पेशींना सुसह्य, ठरावीक, रोजचा निरोप मिळत राहावा एवढाच यामागचा हेतू आहे.

चालल्यावर दुखणं थोडं वाढेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या पातळीवर आलं असेल तर तोच आकडा चालू ठेवा. नसेल तर एक-दोन दिवस निम्मा वेळ चाला, पण शून्यावर येऊ नका, आणि मग त्याच आठवड्याच्या आकड्यावर परत या. दोन आठवडे सलग असं होत राहिलं तर सुरुवातच जास्त होती असं समजून सात मिनिटांपासून धरा.

मोज्यासाठी वेगळा सराव आहे. नकाशावरच्या रेषेच्या बाहेर, जिथे स्पर्श ठीक लागतो तिथे मऊ सुती कपडा फिरवा आणि हळूहळू रेषेच्या आत एक-दोन बोटं न्या. त्याकडे बघत बघत करा. दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. आठवड्याने थोडा खरखरीत कपडा. दात आवळून सहन करण्याचा हा व्यायाम नव्हे. नकोसं वाटलं तरी श्वास नेहमीसारखा चालू राहिला पाहिजे. याच्या बाजूचा संशोधनाचा पुरावा चालण्याइतका भक्कम नाही हे प्रामाणिकपणे सांगतो, पण हळव्या त्वचेसाठी फिजिओथेरपिस्ट हे वर्षानुवर्षं वापरतात आणि यात गमावण्यासारखं काही नाही.

झोपेला उपचाराइतकंच स्थान द्या. उठायची वेळ रोज एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. अंथरुणात जागं पडून राहण्याचे तास कमी करा, आणि ते दोन दिवसांचं अंथरूण तर बंदच, कारण दिवसा पडून राहिलं की रात्रीची झोप आणखी तुटते. पांघरुणाने जाग येत असेल तर पायाशी एखादं खोकं ठेवून त्यावर पांघरूण टाका, म्हणजे ते पायाला लागणार नाही. हे फक्त रात्रीपुरतं करा. दिवसा पायाला स्पर्शापासून जपू नका.

गोळ्यांनी फरक पडत नाही याचं नवल वाटू नये. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांपैकी बऱ्याच दुखावलेल्या जागेची सूज आणि दाह कमी करतात. तुमच्या घोट्यात आता तो फारसा उरलेला नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ साली, ज्याचं दुसरं कारण सापडत नाही अशा जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पॅरासिटामॉल, दाह कमी करणाऱ्या गोळ्या आणि अफूवर्गीय औषधं सुरू करू नयेत असं म्हटलं, आणि व्यायाम, ठरावीक मानसोपचार व काही नैराश्यविरोधी औषधं यांना जागा दिली. या शेवटच्या औषधांचं नाव ऐकून बिचकू नका. ड्युलोक्सेटिनसारखं औषध मज्जारज्जूत नॉरअॅड्रेनलिन आणि सेरोटोनिन वाढवतं, आणि मेंदूच्या खोडातून उतरणारा तो आवर याच रसायनांच्या आधारे काम करतो. नैराश्य नसलेल्यांनाही म्हणूनच ते देतात. मात्र फायदा सगळ्यांना होत नाही, मळमळ आणि पेंग हे त्रास होतात, आणि एकदा सुरू केलं की मनाने अचानक थांबवायचं नसतं. सहा ते आठ आठवडे योग्य मात्रेत घेऊन फरक पडला नाही तर डॉक्टरांना सांगून उतरवत बंद करावं. अफूवर्गीय गोळ्यांपासून मात्र लांबच राहा. त्या दीर्घकाळ घेतल्याने हळवेपणा वाढूही शकतो.

अपेक्षा काय ठेवायची? बदल बहुधा उलट्या क्रमाने येतो. आधी चालणं वाढतं, मग नकाशावरची रेषा खाली सरकते, दुखण्याचा आकडा सगळ्यात शेवटी हलतो, आणि काहींचा तो पूर्ण शून्यावर येत नाही. पण हा हळवेपणा परतणाराच नाही असंही नाही. गुडघ्याच्या झिजेने वर्षानुवर्षं त्रासलेल्या, गुडघ्यापासून लांबच्या जागाही हळव्या झालेल्या रुग्णांमध्ये सांधा बदलल्यानंतर तो हळवेपणा उतरल्याचं मोजून दाखवलं गेलं आहे. तिथे मारा करणारं कारण काढून टाकता आलं. तुमच्याकडे काढण्यासारखं एकच कारण नाही, म्हणून झोप, चालणं आणि स्पर्श अशा तीन बाजूंनी जावं लागेल.

एमआरआय आत्ता पुन्हा करू नका. तो हळवेपणा दाखवत नाही, आणि बारीकसारीक जुन्या खुणा मात्र हमखास दाखवतो. न दुखणाऱ्या लोकांचे मणक्याचे एमआरआय एकत्र पाहिले तेव्हा पन्नाशीच्या लोकांपैकी सुमारे ८० टक्क्यांत चकतीची झीज आढळली होती. घोट्याचंही असंच असतं. एखादी निरुपद्रवी खूण अहवालात आली की तुम्ही तिच्यामागे आणखी सहा महिने लागाल. स्कॅन करावा तो काही नवीन घडलं तर: घोटा अडकू लागला, चालताना दगा देऊ लागला, पाऊल वर उचलण्याची ताकद गेली, पुन्हा मार लागला, किंवा विश्रांतीतही रोज वाढत जाणारं दुखणं आलं. ताप असेल आणि घोटा लाल, सुजलेला, तापलेला असेल तर मात्र स्कॅनची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.